व्हॉइसओव्हर: हिशोबात 4:16, रेकॉर्डिंगमध्ये 6:05. मराठीत मिनिटाला किती शब्द धरायचे?

रानवारा
मंडळी, चंद्रग्रहण कसं होतं यावर एक छोटा माहितीचा व्हिडिओ करतोय, एका स्पर्धेसाठी आहे आणि पाच मिनिटांच्या वर एक सेकंदही चालणार नाही असा नियम आहे. सहा सीन आखलेत, प्रत्येकाचे सेकंद ठरलेत, ॲनिमेशन थोडं तयार थोडं बाकी. स्क्रिप्ट 640 शब्दांची झाली. नेटवर जिथे बघावं तिथे मिनिटाला 150 शब्द धरा असं लिहिलंय, त्या हिशोबाने 640 भागिले 150 म्हणजे 4 मिनिटं 16 सेकंद, म्हटलं चला 44 सेकंद शिल्लक, संगीताला जागा झाली. आणि काल माईकसमोर बसून सगळं वाचलं तर 6:05! मी काही रेंगाळत वाचत नाही हो, मित्राला ऐकवलं तर तो म्हणाला उलट जरा घाईच वाटतेय. मग घोळ नक्की कुठे आहे? मी हळू वाचतोय, का शब्द जास्त झालेत, का तो 150 चा आकडाच चुकीचा आहे?

टकाटक
सोपं आहे रे. 150 हा इंग्रजीचा आकडा. मराठीला 120 धर, विषय संपला. 640 भागिले 120 म्हणजे 5:20. वीस सेकंदांचे शब्द काप, चाळीस एक शब्द उडव आणि परत रेकॉर्ड कर.

रानवारा
पण 120 ने 5:20 येतं आणि माझं आलंय 6:05, मग ती मधली पाऊण मिनिटं कुठून आली?

टकाटक
तू हळू वाचतोस मग 😄

भाषणबहाद्दर
आमच्याकडे वक्तृत्व स्पर्धेत सात मिनिटं असतात, सहाव्या मिनिटाला घंटा वाजते. माझा अनुभव सांगतो, स्टेजवर गेलं की माणूस आपोआप फास्ट होतो, त्यामुळे घरी साडेसात मिनिटं आलं तरी स्टेजवर बरोबर सातला संपतं. तेव्हा टेन्शन घेऊ नका, प्रॅक्टिस वाढवा, आरशासमोर उभं राहून बोला आणि हातवारे नीट ठेवा.

रानवारा
भाऊ धन्यवाद, पण हातवारे दिसणार नाहीयेत, फक्त आवाज आहे 🙏

कातरवेळ
रानवारा, 150 इंग्रजीपुरता ठीक आहे, मराठीत विभक्ती, शब्दयोगी अव्ययं सगळी शब्दालाच चिकटतात. ते लोक चार शब्दांत म्हणतात ते आपण 'पृथ्वीभोवतालच्या' असं एका शब्दात म्हणतो, त्यामुळे आपले शब्द कमी पण लांब. टकाटक म्हणतात तो 120 पण अगदीच हवेतला नाही, फक्त तो कशाचा आकडा आहे ते बघायला हवं, थांबे धरून का थांबे सोडून. तिथेच तुझी पाऊण मिनिटं अडकली असणार असा माझा अंदाज आहे.

पण त्याआधी एक काम कर. अख्ख्या रेकॉर्डिंगचा एकच आकडा काढून काही कळत नाही. सीनप्रमाणे तोड आणि प्रत्येक सीनचे ठरलेले सेकंद, शब्द आणि प्रत्यक्ष आलेले सेकंद इथे टाक. सीनच्या आधीची नंतरची जी शांतता तुला ठेवायची आहे ती धरूनच मोज.

रानवारा
ताई हे घ्या, शांतता धरून मोजलंय.

सीन 1, ओपनिंग: ठरलेले 20, शब्द 38, आले 21
सीन 2, तिघं एका रेषेत: ठरलेले 60, शब्द 128, आले 70
सीन 3, दर पौर्णिमेला ग्रहण का नाही: ठरलेले 70, शब्द 172, आले 108
सीन 4, गडद आणि विरळ सावली: ठरलेले 60, शब्द 118, आले 66
सीन 5, चंद्र लाल का होतो: ठरलेले 60, शब्द 126, आले 69
सीन 6, शेवट: ठरलेले 30, शब्द 58, आले 31

च्यायला. टाईप करतानाच दिसलं, 65 सेकंद जास्त आहेत त्यातले 38 एकट्या तिसऱ्या सीनचे आहेत.

कातरवेळ
हो, आणि आता प्रत्येकाचा वेग काढ. सीन 2 चा येतो मिनिटाला साधारण 110, चौथ्या पाचव्याचा पण तिथेच, 107 आणि 110. तिसऱ्याचा 96. माणूस तोच, माईक तोच, दिवस तोच, मग एका सीनमध्ये वेग का पडला? दोनच कारणं असू शकतात, एकतर तिथे तू जास्त थांबतोयस, नाहीतर तिथले शब्द मोजणीत कमी आणि तोंडात जास्त आहेत. मला वाटतं दोन्ही आहे.

थांबे मोजायची माझी पद्धत सांगते. सीनच्या ऑडिओची कॉपी काढायची, कॉपीच हं, मूळ फाईलला हात लावायचा नाही. ऑडॅसिटीमध्ये `Truncate Silence` नावाचा इफेक्ट आहे तो लावायचा, शांतता शून्यापर्यंत छाटायला सांगायचं. आधीची लांबी वजा नंतरची लांबी म्हणजे तुझी शांतता. फक्त थ्रेशोल्ड, म्हणजे किती हळू आवाजाला शांतता धरायचं ती मर्यादा, जपून ठेव, फार वर नेलास की तो शब्दांची हळू होत जाणारी शेपटं पण शांतता समजून खातो आणि आकडा फुगतो. छाटलेली कॉपी एकदा ऐक, शब्द तुटलेले ऐकू आले तर थ्रेशोल्ड खाली घे. सीन 2 आणि सीन 3 दोन्हींचं करून बघ.

दुसरं, तिसऱ्या सीनमध्ये आकडे अंकात लिहिलेत का?

रानवारा
करून बघितलं. सीन 2 मध्ये शांतता 8 सेकंद, सीन 3 मध्ये 20 सेकंद! ऐकल्यावर कळलं, 'प्रतल', 'कक्षा', 'पातबिंदू' असला शब्द आला की आपोआप थांबतोय, समोरच्याला पचावं म्हणून.

आकडे हो, तीन ठिकाणी आहेत. 5°चा कोन, 3,84,400 किमी अंतर आणि चंद्राचा व्यास 3,474 किमी.

कातरवेळ
बरोबर. आता '3,84,400 किमी' हे मोठ्याने वाच. तीन लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे किलोमीटर. वर्ड प्रोसेसरला ते दोन शब्द दिसतात, तोंडाला सहा. व्यास घे, तीन हजार चारशे चौऱ्याहत्तर किलोमीटर, दोनाचे पाच झाले. '5°चा' एक दिसतो, 'पाच अंशांचा' म्हणून दोन. एकूण आठ शब्द लपले होते, म्हणजे सीन 3 चे खरे शब्द 172 नाहीत, 180 आहेत.

आता शांतता काढून टाकून वेग बघ. सीन 2, 128 शब्द 62 सेकंदांत, मिनिटाला 124. सीन 3, 180 शब्द 88 सेकंदांत, मिनिटाला 123. म्हणजे तुझी जीभ दोन्हीकडे एकाच वेगाने चालतेय, तू हळू बिळू काही वाचत नाहीयेस. हा 123 तुझा नुसत्या बोलण्याचा वेग. टकाटक, तुमचा 120 इथे जवळपास बरोबर बसतो, पण फक्त जीभ चालू असतानाचा म्हणून. थांबे धरून तोच माणूस 110 वर येतो आणि जड सीनमध्ये 96 वर. ते विसरलं की सीनमागे दहा सेकंद हरवतात.

म्हणून मी एकाच आकड्याने भागत नाही. आधी सीनच्या सेकंदांतून शांतता वजा करायची, उरलेल्या सेकंदांना वेगाने गुणायचं, तेवढेच शब्द त्या सीनला परवडतात. तुझा वेग सेकंदाला दोनाच्या किंचित वर, 2.05. सीन 3 चे 70 सेकंद, त्यात जड शब्द आहेत म्हणून शांततेला 13 तरी ठेव, राहिले 57, म्हणजे 117 शब्द. सीन 2 चे 60 मधून 8 गेले, राहिले 52, म्हणजे 107 शब्द. शीटमध्ये टाकायचं असेल तर:

```
=ROUND((B2-C2)*123/60,0)
```

B मध्ये सीनचे सेकंद, C मध्ये शांतता.

रानवारा
म्हणजे सीन 3 मधून 63 शब्द कापायचे?? एक तृतीयांश गेला की हो. मग समजणार काय.

शब्दांतर
कापायचं कशाला, टेम्पो वाढवा. हल्ली सॉफ्टवेअर पिच न बदलता वेग वाढवतं. मी नेहमी करतो, माझ्याकडे तर चित्र आधीच फिक्स असतं. दुसऱ्या भाषेतला तयार व्हिडिओ येतो, त्याचं मराठी करून त्याच लांबीत बसवायचं. भाषांतर केलं की हमखास लांबतं, मग 10-15 टक्के टेम्पो वाढवला की बसतं, क्लायंट खूष.

कातरवेळ
शब्दांतर, रानवाराला 365 चे 300 करायचेत, म्हणजे वेग जवळपास 22 टक्के वाढवायला लागेल. ऐकून बघा तो आवाज. दोन-तीन टक्के कुणाच्या लक्षात येत नाहीत, मी स्वतः करते. पाचच्या पुढे मला कळायला लागतं, आणि सगळ्यात आधी कळतं ते जोडाक्षरांवर आणि श्वासांवर, 'पृथ्वीच्या', 'सूर्याभोवती' अशा ठिकाणी जीभ अडखळल्यासारखी वाटते आणि श्वास धापेसारखा. शिवाय टेम्पोने थांबे पण आखडतात, आणि सीन 3 मध्ये तर ऐकणाऱ्याला थांबेच हवेत.

तुमच्याकडे चित्र पक्कं असतं हे मान्य, पण मग उलट भाषांतर करतानाच प्रत्येक सीनला किती शब्द परवडतात ते बाजूला लिहून ठेवायला हवं ना? आधी पूर्ण भाषांतर आणि मग टेम्पो हा उलटा क्रम झाला.

शब्दांतर
सांगायला सोपं आहे ताई, क्लायंट ओळीला ओळ मागतो, एक वाक्य गाळलं की मेल येतो 'हे राहिलं'. शब्द कापायचा अधिकारच नसतो आम्हाला. आणि 10 टक्क्यांवर आजवर कुणाची तक्रार आलेली नाही.

गमभन
मधेच बोलतो. मुळात शब्द मोजणंच मराठीला बरोबर नाही असं माझं मत आहे. 'आहे' पण एक शब्द आणि 'पृथ्वीभोवतालच्या' पण एक शब्द, एकात दोन अक्षरं, दुसऱ्यात सात. अक्षरं मोजा, वेग जास्त स्थिर येतो. मी हे वापरतो:

```python
import re
s = open("scene3.txt", encoding="utf-8").read()
n = len(re.findall(r"[\u0904-\u0939\u0972]", s))
print(n - s.count("\u094D"))
```

स्वर आणि व्यंजनं मोजतं आणि हलंत वजा करतं, म्हणजे 'क्ष', 'त्य', 'ऱ्या' हे एकेकच धरले जातात. अंक मात्र यात धरलेच जात नाहीत, त्यामुळे आकडे आधी अक्षरात लिहायलाच लागतात, ते एका अर्थी बरंच आहे. रानवारा, सीन 2 आणि 3 ची फाईल टाकून बघ.

रानवारा
बघितलं. सीन 2 मध्ये 372, सीन 3 मध्ये (आकडे अक्षरात लिहून) 528. दोन्हीकडे सेकंदाला बरोब्बर सहा अक्षरं येतायत की!

गमभन
बघ, म्हटलं होतं ना.

कातरवेळ
अहो पण शब्दांनी काढलं तरी 124 आणि 123 आलंच होतं. शंभरच्या वर शब्द असले की लांब-आखूड सगळे मिसळतात आणि सरासरी सारखीच येते. अक्षरांचा फायदा मला छोट्या तुकड्यात पटतो, म्हणजे सीन 1 चे 38 शब्द किंवा पाच सेकंदांची एखादी ओळ. अख्ख्या स्क्रिप्टला मी तरी शब्दच मोजते, लिहिता लिहिता डोळ्यांनी अंदाज येतो. अक्षरं डोळ्यांनी कोण मोजणार.

शुद्धमती
'घरात' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना 'घ-रात्', दोनच. अंत्य आणि मधला अ आपण गिळतो. त्यामुळे सेकंदाला सहा हा उच्चाराचा आकडा नव्हे, लिखाणाचा आहे.

गमभन
मान्य. पण सगळीकडे सारखंच गिळतो ना आपण, मग मापाला काय फरक पडतो? कविता असेल किंवा संस्कृत श्लोक मधे असेल तर पडेल.

शुद्धमती
संस्कृत शब्द खच्चून भरलेल्या स्क्रिप्टमध्येही पडेल. 'प्रतल' आणि 'प्रकाशकिरण' सावकाशच उच्चारले जातात. असो.

कातरवेळ
रानवारा, मूळ मुद्द्यावर येऊ. 63 शब्द कापायचे म्हणजे आशय कापायचा असं नाही. सीन 3 मधलं तुला सगळ्यात लांब वाटतंय ते वाक्य इथे टाक बरं.

रानवारा
हे: "चंद्राची पृथ्वीभोवती फिरण्याची जी कक्षा आहे ती पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्याच्या कक्षेच्या प्रतलाशी सुमारे 5°चा कोन करून कललेली असल्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो."

कातरवेळ
तोंडी 29 शब्द, म्हणजे सव्वाचौदा सेकंद नुसतं बोलणं, आणि मधे श्वास घ्यायला जागा नाही, कुठेतरी चुकीच्या ठिकाणी घेतोसच तू. या वेळी पडद्यावर काय असतं?

रानवारा
दोन्ही कक्षा तिरक्या दिसतात, कोन रंगवलेला आहे, आणि चंद्र सावलीच्या वरून जाताना दाखवलाय.

कातरवेळ
मग अर्धं वाक्य चित्रच सांगतंय. असं बघ: "चंद्राची कक्षा थोडी कललेली आहे. पाच अंशांनी. म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो." सोळा शब्द. तेरा वाचले म्हणजे सव्वासहा सेकंद, आता दोन पूर्णविराम वाढले त्यांना एखादा सेकंद जाईल, तरी पाच राहिले हातात.

अंतर आणि व्यास तोंडाने सांगूच नकोस. पडद्यावर लिहून दाखव आणि आवाजात फक्त "चंद्र इतका दूर आहे की" वगैरे. नुसतं 'तीन लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे किलोमीटर' तीन सेकंद खातं आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहत नाही.

शुद्धमती
'कललेली आहे', पण कशाच्या तुलनेत? ते मूळ वाक्यात होतं, नव्यात नाही. शास्त्राच्या व्हिडिओत हे चालणार नाही.

कातरवेळ
नुसतं ऐकलं तर तुमचं बरोबर आहे. रेडिओसाठी असतं तर मी ते ठेवलं असतं. इथे दोन्ही कक्षा डोळ्यांसमोर आहेत. तरी परीक्षक तुमच्यासारखे असतील तर "पृथ्वीच्या कक्षेशी" हे दोन शब्द घाल रानवारा, एक सेकंद जाईल.

टकाटक
एक शंका, हे सगळं हिशोब करत बसण्यापेक्षा आधी रेकॉर्ड करून त्याच्यावर चित्र कापलं तर? मी तर तसंच करतो, आवाज आधी, चित्र नंतर, कसला वेग आणि कसलं काय.

कातरवेळ
चित्र ताणता येत असेल तर उत्तमच. मोबाईलवर कच्चा आवाज रेकॉर्ड करायचा, टाईमलाईनवर टाकायचा, त्याच्यावर चित्र बसवायचं आणि शेवटी चांगल्या माईकवर परत वाचायचं. पण त्यानेही एकूण लांबी पाच मिनिटांत आपोआप येत नाही, आणि याचं ॲनिमेशन थोडं तयार आहे म्हणतोय. रेंडर झालेला शॉट 14 सेकंदांचा असला तर तो 14 चाच राहणार. एक मात्र आहे, तो कच्चा गाईड ट्रॅक वाचताना मोठ्याने आणि शेवटी वाचणार तसंच वाचायचं. मनात वाचून स्टॉपवॉच लावलं तर वेळ कमीच येतो, मनात थांबे कुणी घेत नाही.

रानवारा
दोन दिवस घेतले, आता आलो. सीन 3 मधून व्यास गेला, अंतर पडद्यावर गेलं, 'पृथ्वीच्या कक्षेशी' ठेवलं. नवीन शब्द: 38, 108, 118, 107, 110, 58. एकूण 539. परत रेकॉर्ड केलं आणि सीनप्रमाणे आलं 21, 61, 71, 59, 62, 31. बेरीज 305!! पाच सेकंद उरले फक्त. आणि सीन 3 आता ऐकायला बरा वाटतोय, आधीसारखा क्लास घेतल्यासारखा नाही.

पण नवीन भानगड आहे. सीन 5 मध्ये चंद्र लाल व्हायला लागतो तो शॉट तयार आहे, सीन सुरू झाल्यापासून 22 व्या सेकंदाला रंग बदलायला लागतो. आणि मी 'लाल' म्हणतो 29 व्या सेकंदाला. चंद्र लाल होऊन सात सेकंद झालेत आणि मी अजून वातावरणातून प्रकाश कसा वळतो तेच सांगतोय. एकूण सेकंद बसले तरी हे बसत नाहीये.

गमभन
शॉट सात सेकंद पुढे सरकव ना.

रानवारा
त्याच्या आधीचा आणि नंतरचा एकाच रेंडरमध्ये आहे, परत करायला रात्रभर मशीन लागतं, आणि मुदत परवा आहे.

कातरवेळ
वेगाचा हिशोब सीनच्या आतपण तसाच चालतो, फक्त मोजणी सीनच्या शेवटापर्यंत न करता त्या शब्दापर्यंत करायची. 'लाल' च्या आधी किती शब्द आहेत?

रानवारा
52.

कातरवेळ
52 शब्दांना सव्वापंचवीस सेकंद, सुरुवातीची एक सेकंद शांतता आणि मधले थांबे तीनेक सेकंद, आले ना 29. आता 22 ला यायचं तर 22 मधून ते चार गेले, राहिले 18, म्हणजे 37 शब्द. 'लाल' च्या आधी 37 च शब्द ठेव आणि उरलेले 15 नंतर टाक. एकूण शब्द तेच, सीनचे सेकंद तेच, फक्त क्रम बदलायचा. आधी सांग की चंद्र काळा पडत नाही, लाल होतो, आणि मग सांग का, वातावरण लाल प्रकाश वळवून सावलीत आत सोडतं म्हणून. ऐकायला पण हेच बरं, आधी दिसलं मग कारण कळलं.

आणि नेमकं 22 व्याच सेकंदाला शब्द पडायला हवा असं नाही. शब्द अर्धा-एक सेकंद उशिरा आला तर चालतं, डोळ्यांनी बघितलं आणि कानांनी नाव दिलं असं होतं. शब्द आधी आला आणि चित्र मागून आलं की मात्र खटकतं.

शब्दांतर
हे मला पटत नाही. मी उलट शब्द आधी ठेवतो, म्हणजे प्रेक्षक बघायला तयार होतो.

कातरवेळ
"आता बघा" म्हणायचं असेल तर हो, आधी. नाव द्यायचं असेल तर नंतर. माझा तरी असा अनुभव आहे.

टकाटक
ते पाच सेकंद राहिले त्यांचं काय? 305 चे 300. टेम्पो 2 टक्के कर, कुणाला कळत नाही, ताईंनीच सांगितलंय 😄

कातरवेळ
हो, 305 ला 2 टक्के म्हणजे 299 होतात, नियमात बसतं. पण आधी सीन 2 आणि 5 मधून एकेक उपवाक्य काढून बघ, दोन्हीकडे ठरल्यापेक्षा एक-दोन सेकंद जास्त आहेत. सीन 4 एक सेकंद लवकर संपतोय, त्याला हात लावू नकोस. आणि थांबे छाटून सेकंद मिळवू नकोस, विशेषतः सीन 3 मधले. ते तेरा सेकंद आपण मुद्दाम ठेवलेत.

रानवारा
सीन 5 चा क्रम बदलून 'लाल' च्या आधी 38 शब्द झाले, एक शब्द काही केल्या निघत नाहीये. 'अचानक' काढावा का?

शुद्धमती
काढाच. ग्रहण अचानक होत नसतं.

रानवारा
😂 काढला. टेम्पोला अजून हात लावलेला नाही, सीन 2 मधलं 'आपल्याला माहीतच आहे की' हे पण उडवलं, रात्री परत वाचतो. गमभन, तुमचा तो कोड सीन 1 ला लावला तर सेकंदाला साडेपाचच येतात, सहा नाही, ते कशामुळे असेल?

गमभन
शांतता वजा केलीस का आधी? ओपनिंगला माणूस जरा ठसक्यात बोलतो ते वेगळंच. 38 शब्दांत एखादा लांब थांबा राहिला असेल तरी आकडा हलतो. फाईल टाक, बघतो.